नाव म्हैसूरचं आणि माणसं हुबळीची

म्हैसूरपाक, म्हैसूर सँडल साबण, म्हैसूर मसाला डोसा. म्हैसूर हे नाव आपल्या जिभेवर इतकं बसलेलं आहे, की १९७३ पर्यंत अख्ख्या कर्नाटक राज्याचं नाव 'म्हैसूर' होतं हे आपल्या हॉस्टेलमधल्या बहुतेकांना सांगूनही खरं वाटत नाही. बरं, राजधानी म्हैसूर होती म्हणावं तर तीही नाही. राजधानी बंगळूरच. राज्य कानडी भाषिकांचं, राजधानी बंगळूर आणि नाव मात्र तिसऱ्याच एका शहराचं! हा घोळ सतरा वर्षं चालला.

तर मित्रांनो, या लेखात मला हा घोळ जरा नीट उलगडायचा आहे. कारण राज्यांना आणि जिल्ह्यांना नावं कशी पडतात यावर आपल्याकडे भांडणं खूप होतात, पण एखादं नाव नेमकं कुणाला सोयीचं पडतं आणि कुणाला टोचतं, हे फारसं कुणी पाहत नाही. शेजारच्या राज्यात राजघराण्याचं नाव, भाषेचं नाव, भूगोलाचं नाव आणि आता तर जागेच्या भावाचं नाव, असे सगळे प्रकार एकाच ठिकाणी बघायला मिळतात. (सीमाप्रश्न मी इथे मुद्दाम बाजूला ठेवतो आहे. त्यावर मेसमध्ये बोलू.)

आधी राज्य बनलं कसं ते बघू. १९४७ साली कानडी बोलणारी माणसं एका राज्यात नव्हतीच. वडेयरांचं म्हैसूर संस्थान होतं. धारवाड, विजापूर, बेळगाव आणि कारवारचा उत्तर कानडा जिल्हा हे सगळं मुंबई इलाख्यात होतं. गुलबर्गा, रायचूर, बिदर निजामाकडे. मंगळूर आणि बल्लारी मद्रास इलाख्यात. कूर्ग वेगळंच. म्हणजे एका भाषेचे पाच तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याची कोर्टकचेरी वेगळ्या शहरात. धारवाडचा पोरगा युनिव्हर्सिटीच्या परीक्षेसाठी मुंबईकडे बघायचा, गुलबर्ग्याचा हैदराबादकडे, मंगळूरचा मद्रासकडे.

१९५३ मध्ये आंध्र राज्य निघालं तेव्हा बल्लारीचा बराचसा भाग म्हैसूरला मिळाला. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि बाकीचे तुकडे जोडले गेले. मुंबई राज्यातून चार जिल्हे गेले. त्यातल्या बेळगाव जिल्ह्याचा चंदगड तालुका तेवढा इकडे राहिला, तो आज आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात आहे. एवढा मोठा प्रदेश जोडल्यावर नवीन राज्याचं नाव काय ठेवलं? म्हैसूर! म्हणजे जुन्या संस्थानाचं जे नाव होतं तेच.

गंमत अशी, की फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ च्या अहवालात या राज्याचा उल्लेख 'कर्नाटक' असाच केला होता. कायदा होताना मात्र ते नाव गळलं आणि 'म्हैसूर' राहिलं. जुन्या म्हैसूरच्या लोकांची बाजूही समजण्यासारखी आहे. त्यांच्या संस्थानाचा लौकिक मोठा होता. शिवनसमुद्रची वीज, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना, विश्वेश्वरय्यांसारखे दिवाण. (आपण इंजिनीअरिंगवाले ज्यांच्या वाढदिवशी १५ सप्टेंबरला हार घालतो तेच.) एवढं कमावलेलं नाव कोण सोडेल? शिवाय उत्तरेकडचे नवे जिल्हे दुष्काळी आणि मागासलेले, त्यांच्यासाठी आपला पैसा जाणार ही भीतीही होती.

पण आता हुबळीच्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. त्याच्या आजोबापणजोबांचा म्हैसूरच्या दरबाराशी काही संबंध आलेला नाही. म्हैसूर त्याच्यापासून चारशे किलोमीटरच्या पलीकडे. एकत्र राज्य व्हावं म्हणून चळवळ केली ती मुख्यतः याच भागानं. धारवाडमध्ये कर्नाटक विद्यावर्धक संघ १८९० साली निघाला. आलूर वेंकटराव यांनी 'कर्नाटक गतवैभव' हे पुस्तक १९१७ साली लिहिलं, ते धारवाडचेच. काँग्रेसनं १९२० साली भाषेप्रमाणे प्रांतिक समित्या केल्या तेव्हा त्यातली एक कर्नाटकची होती. इतकंच काय, मुंबई सरकारनं १९४९ मध्ये धारवाडसाठी विद्यापीठ काढलं त्याचं नावही 'कर्नाटक विद्यापीठ'. म्हणजे विद्यापीठ आधी आलं आणि त्या नावाचं राज्य चोवीस वर्षांनी! एवढं सगळं करून १९५६ ला राज्य मिळालं, आणि अर्जावर पत्ता लिहायचा तो 'म्हैसूर राज्य'. लग्न आपल्या घरचं आणि पत्रिकेवर नाव पाहुण्याचं, तसला प्रकार.

इथे कुणी म्हणेल, नावात काय आहे? माझ्या मते राजाच्या गादीच्या गावाचं नाव जेव्हा सगळ्या प्रदेशाला मिळतं, तेव्हा त्या गावाचे आणि आसपासचे लोक आपोआप घरचे ठरतात आणि बाकीचे नंतर आलेले ठरतात. धरण कुठे, कॉलेज कुठे, कारखाना कुठे, हे नावावरून ठरत नाही हे मला मान्य आहे. पण आपल्याला डावललं जातंय अशी शंका ज्याच्या मनात आधीच आहे, त्याला असं नाव म्हणजे रोजचा पुरावाच वाटतो.

'कर्नाटक' हा शब्द मात्र कुणा एका गावाचा नाही, हीच त्याची मोठी सोय. शब्द फार जुना आहे. त्याची फोड करताना अभ्यासक 'करु' आणि 'नाडु' असे दोन कानडी शब्द सांगतात. नाडु म्हणजे देश. 'करु'चा अर्थ कुणी 'उंच' असा करतो, म्हणजे पठारावरचा देश, तर कुणी 'काळा' असा करतो, म्हणजे काळ्या मातीचा देश. दोन्ही अर्थ भूगोलाचेच. आपल्या मराठीतही हा शब्द काही परका नाही. ज्ञानदेवांच्या नावावरच्या प्रसिद्ध अभंगात विठ्ठलाला कानडा म्हटलंय आणि कर्नाटकाचाही म्हटलंय.

गोंधळ इंग्रजांनी केला. त्यांनी ज्या भागाला 'कर्नाटिक' म्हटलं तो अर्काटच्या नवाबाचा मुलूख, म्हणजे आजचा तमिळ प्रदेश. शाळेत आपण जी 'कर्नाटक युद्धं' पाठ केली ती सगळी तिकडची. विजयनगरच्या राजांचं राज्य कर्नाटक म्हणून ओळखलं जायचं आणि त्यांची सत्ता तमिळ मुलखावर होती, म्हणून नाव तिकडे गेलं. राज्य संपलं, पण नाव तिथेच राहून गेलं. कर्नाटक संगीताचं मोठं माहेरघरही तमिळनाडूतलं तंजावर! तेव्हा नाव आणि जागा यांची गाठ आपण समजतो तेवढी घट्ट नसते.

असो. नाव बदलायला १९७३ उजाडलं. राज्याचं नाव बदलणं हे कुणा मुख्यमंत्र्याच्या सहीचं काम नव्हे. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे ते फक्त संसद करू शकते. राष्ट्रपतींची शिफारस असल्याशिवाय विधेयक मांडताच येत नाही, आणि त्याआधी ते त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागायला पाठवावं लागतं. पण खरी मेख पुढे आहे. विधिमंडळाचं मत संसदेवर बंधनकारक नाही. साध्या बहुमतानं कायदा होतो आणि तो घटनादुरुस्ती धरला जात नाही. याची दुसरी बाजू अशी, की राज्याला कितीही हवं असलं तरी दिल्लीनं मनावर घेतलं नाही तर काही होत नाही. पश्चिम बंगालच्या विधानसभेनं २०१८ मध्ये 'बांगला' या नावाचा ठराव केला. पुढे तो वर्षानुवर्षं दिल्लीत पडून राहिला.

म्हैसूरच्या बाबतीत विधिमंडळाचा ठराव १९७२ मध्ये झाला, संसदेनं कायदा केला आणि १ नोव्हेंबर १९७३ पासून राज्य 'कर्नाटक' झालं. तोपर्यंत मुंबई राज्याचं महाराष्ट्र आणि गुजरात होऊन तेरा वर्षं झाली होती, मद्रासचं तमिळनाडू १९६९ मध्ये झालं होतं. मुख्यमंत्री होते देवराज अर्स, म्हणजे खुद्द म्हैसूर जिल्ह्यातल्या हुणसूरचे. नाव सोडायचं ते म्हैसूरच्याच माणसाच्या हातून सुटलं, हे फार बरं झालं असं मला वाटतं. बाहेरच्यानं हिसकावलं असतं तर जखम राहिली असती. आणि म्हैसूरचं तरी काय गेलं? विद्यापीठाचं नाव म्हैसूरच राहिलं. 'स्टेट बँक ऑफ मैसूर' २०१७ मध्ये स्टेट बँकेत विलीन होईपर्यंत पाट्यांवर होती. साबण अजून आहेच.

आता इथे गोष्ट संपवली तर 'भाषेचं नाव आलं आणि सगळे सुखी झाले' असं वाटेल. तसं नाही. त्यासाठी एका जिल्ह्यात जाऊ. मंगळूरच्या जिल्ह्याचं नाव 'दक्षिण कन्नड'. नावावरून वाटेल, अस्सल कानडी मुलूख. प्रत्यक्षात तिथे सगळ्यात जास्त लोकांच्या घरात तुळू बोलतात, त्याखेरीज कोकणी आणि ब्यारी. कारवारच्या 'उत्तर कन्नड' जिल्ह्यातही किनाऱ्याला कोकणी भरपूर. मग नावात कन्नड आलं कुठून?

पोर्तुगीज या किनाऱ्यावर आले तेव्हा घाटावरून राज्य करणारे राजे कानडी होते. आधी विजयनगरचे, मग केळदीचे नायक. त्यामुळे त्यांनी किनाऱ्यालाही 'कानरा' म्हणायला सुरुवात केली. नाव राज्यकर्त्यांच्या भाषेचं, राहणाऱ्यांच्या भाषेचं नव्हे. इंग्रजांनी तेच उचललं आणि मद्रास इलाख्यात 'कानरा' नावाचा जिल्हा केला. पुढे त्याचे दोन भाग केले आणि १८६२ मध्ये उत्तरेचा भाग मुंबई इलाख्याला जोडला. त्यामागे मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांचा रेटा होता. धारवाडचा कापूस कारवार बंदरातून काढायचा तर बंदर आपल्या इलाख्यात हवं, हा सरळ हिशोब. अशा रीतीनं 'नॉर्थ कानरा' आणि 'साउथ कानरा' झाले. स्वातंत्र्यानंतर या इंग्रजी नावांचं भाषांतर करताना 'कानरा'चं 'कन्नड' झालं. आधीच्या नावात निदान संदिग्धता तरी होती. भाषांतरानं ती घालवली आणि तुळू माणसाच्या जिल्ह्यावर दुसऱ्या भाषेचा शिक्का पक्का बसला.

१९७३ च्या आधी हुबळीकर जे म्हणत होता तेच आज तुळू माणूस म्हणू शकतो. फरक इतकाच, की त्या वेळी अडचण राजघराण्याच्या नावाची होती आणि इथे ती भाषेच्या नावाची आहे. शेजारचं कोडगू बघा. तेही छोटं, तिथेही कोडवा ही वेगळी भाषा. पण जिल्ह्याचं नाव प्रदेशाचं आहे, म्हणून कुणाला ते परकं वाटत नाही. 'तुळुनाडू' असं प्रदेशाचं नाव तिथल्या लोकांच्या तोंडात आहेच. ते जिल्ह्याला का देऊ नये, याचं पटणारं कारण मला तरी सापडलेलं नाही. १९९७ मध्ये जिल्हा फोडून उडुपी वेगळा केला तेव्हा संधी होती, ती गेली.

एक तिसरा प्रकार आहे, तो आपल्यासारख्या ॲडमिशनच्या रांगेत उभं राहिलेल्यांना लगेच कळेल. राज्य एक झालं तरी तुकड्यांची ओळख गेली नाही. आपल्या बाजूच्या जिल्ह्यांना 'मुंबई-कर्नाटक' आणि निजामाकडून आलेल्यांना 'हैदराबाद-कर्नाटक' म्हणायची पद्धत पडली. आधी कुणाचे होतात, ते नावातच. हैदराबाद-कर्नाटक भाग फार मागे पडला म्हणून घटनेत ३७१ जे हे कलम घातलं, ते २०१३ पासून लागू आहे. त्याप्रमाणे त्या भागातल्या कॉलेजांत ७० टक्के आणि राज्यात इतरत्र ८ टक्के जागा तिथल्या मुलांना राखीव मिळाल्या. आता बघा, या 'हैदराबाद-कर्नाटक' भागात बल्लारी जिल्हाही घेतला आहे. बल्लारी निजामाकडे नव्हतीच, ती मद्रासकडची! म्हणजे नाव हैदराबादचं, पण त्याचा अर्थ आता इतिहास नाही. त्याचा अर्थ म्हणजे सर्टिफिकेट.

२०१९ मध्ये कर्नाटक सरकारनं या भागाचं नाव 'कल्याण कर्नाटक' केलं. बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, चालुक्यांची आणि बसवेश्वरांची जागा, तिच्यावरून. २०२१ मध्ये मुंबई-कर्नाटकचं 'कित्तूर कर्नाटक' झालं, राणी चन्नम्मांच्या कित्तूरवरून. दोन्ही नावं मानाची आहेत, त्याबद्दल प्रश्न नाही. पण घटनेच्या कलमात मात्र 'हैदराबाद-कर्नाटक' हेच शब्द आहेत, कारण ते बदलायला पुन्हा संसद लागते. पोराच्या हातातला दाखला ज्या कलमावर उभा आहे त्यात जुनं नाव आणि सभेच्या फलकावर नवं. माझं स्पष्ट मत आहे, की त्या भागाला २०१३ च्या कलमानं जेवढं दिलं त्याच्या दशांशही २०१९ च्या नावानं दिलं नाही. दोन्हींना एकाच पंक्तीला बसवून टाळ्या घेऊ नयेत.

याच संदर्भात आपल्या मराठवाड्याचं नाव आठवतं. निजामाच्या राज्यात तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटक असे भाषेवरून पडलेले भाग होते. तिथे 'मराठवाडा' म्हणजे मराठी बोलणारा भाग, बाकीच्यांपेक्षा वेगळा. १९५६ नंतर तो मराठी माणसांतच आला. आता सगळेच मराठी, तरी फक्त त्यालाच मराठवाडा म्हणायचं! हैदराबादच्या नकाशावर बसणारं नाव मुंबईच्या नकाशावर तसंच चिकटून राहिलं. तेलंगणाचं नाव मात्र २०१४ मध्ये राज्य झालं.

जुन्या राज्याचं नाव नेहमी वाईटच असतं का? नाही. २०२१ मध्ये बल्लारी फोडून 'विजयनगर' जिल्हा केला. मुख्यालय होसपेट, आणि हंपी त्याच जिल्ह्यात. इथे हरकत घ्यावी असं मला काही दिसत नाही. ज्या राज्याचं नाव घेतलं त्याची राजधानी त्याच जमिनीत आहे. शिवाय ते राज्य संपून इतकी शतकं झाली, की त्या नावावर आज कुणा घराण्याचा किंवा शहराचा हक्क उरलेला नाही. होसपेटचं नाव जिल्ह्याला न देता हे नाव दिलं, म्हणून बाकीचे तालुकेही ते आपलं म्हणू शकतात. आपल्याकडे १९८१ मध्ये रत्नागिरी फोडून सिंधुदुर्ग केला तेव्हा हेच झालं. किल्ला मालवणात, कचेऱ्या ओरोसला आणि नाव सगळ्यांचं. उलट ओरोसलाच मग 'सिंधुदुर्गनगरी' हे नाव मिळालं. गावावरून जिल्हा हा नेहमीचा क्रम. इथे जिल्ह्यावरून गाव.

आणि शेवटी सगळ्यात ताजा प्रकार. बंगळूरपासून पन्नासेक किलोमीटरवर रामनगर आहे. 'शोले'तलं रामगढ उभं केलं होतं तीच खडकाळ जागा. २००७ मध्ये तो स्वतंत्र जिल्हा झाला. मे २०२५ मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं निर्णय घेतला, की या जिल्ह्याचं नाव 'बंगळूर दक्षिण' करायचं. मुख्यालय रामनगरच. राज्याच्या नावाला संसद लागते, पण जिल्ह्याचं नाव राज्य सरकारच्या हातातलं काम, त्यामुळे ते झटपट होतं. कारण सरळ सांगितलं गेलं: बंगळूरच्या नावामुळे गुंतवणूक येईल, जमिनीला भाव येईल. आपल्याकडे बिल्डरच्या जाहिरातीत पनवेलच्या पुढचंही सगळं 'मुंबई'च असतं, तसलीच ही युक्ती, फक्त राजपत्रातून.

राजा नाही, भाषा नाही, डोंगर-नदीही नाही. थेट जागेचा दर! आणि यातून परत तेच होतंय जे १९५६ मध्ये झालं. चन्नपट्टणची लाकडी खेळणी जगभर त्या गावाच्या नावानं विकली जातात. मागडीला बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडांचा इतिहास आहे. कनकपुराला रेशीम आहे. या सगळ्यांचा पत्ता आता दुसऱ्याच्या शहराची दक्षिण बाजू. हुबळीकराला जी गोष्ट घालवायला सतरा वर्षं लागली ती इथे विकास म्हणून मागून घेतली गेली. जमिनीचा भाव वाढला तर तो ज्याची जमीन आहे त्याला मिळेल, आणि ती तोवर विकली गेलेली नसेल तरच.